माईक कुणाच्या हातात

“मला प्रश्न विचारायचा नाहीये, फक्त दोन मुद्दे मांडायचेत.” पुण्यात व्याख्यानांना जाणाऱ्या कुणालाही हे वाक्य पाठ असेल. ते ऐकू आलं की मागच्या रांगेतली माणसं खुर्चीखाली पायाने चपला चाचपायला लागतात, आणि ज्यांचे हात वर असतात ते हळूच मांडीवर येतात. पुढे काय होणार हे सगळ्यांना कळलेलं असतं. ज्याच्याकडे सूत्रं आहेत त्यालाही कळलेलं असतं, पण तो कसनुसं हसत उभा राहतो.

गेल्या वर्षी तो कसनुसं हसणारा माणूस मी होतो.

कोथरूडमध्ये आमच्या भागातल्या सात-आठ सोसायट्यांनी मिळून पुनर्विकासावर एका वकीलबाईंचं मार्गदर्शन ठेवलं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या इमारती, प्रत्येकीच्या दारात कुणी ना कुणी बिल्डर येऊन गेलेला, त्यामुळे हॉल भरला. कार्यक्रम सहाचा. हॉल आठला रिकामा करून द्यायचा होता. स्वागत, पुष्पगुच्छ, परिचय (तो जरा लांबलाच) आणि भाषण असं सगळं होईपर्यंत सात पंचवीस झाले. आभाराची पाच मिनिटं सोडली तर प्रश्नांना तीस मिनिटं उरली. मी विचारलं, “कुणाकुणाला प्रश्न आहेत?” हात मोजले, तर सतरा.

पहिला हात पहिल्या रांगेतल्या काकांचा होता. मांडीवर निळी फाइल, त्यात कागदांना रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. कार्यकर्त्याने माईक त्यांच्या हातात दिला. तो परत मिळाला तेव्हा सात चाळीस झाले होते. उरलेल्या वेळात आणखी तिघांचे प्रश्न झाले. सतरांपैकी एकूण चौघांचे.

काका वेडगळ नव्हते, आणि माझा सगळा मुद्दा इथूनच सुरू होतो. त्यांचा पहिला प्रश्न त्या संध्याकाळचा सर्वांत नेमका प्रश्न होता. बिल्डर म्हणतो, आहे त्या कार्पेटवर वीस टक्के जास्त देतो. पण आमच्या जुन्या घराचं कार्पेट आपण खोलीच्या आतून, भिंत ते भिंत मोजतो. रेराच्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींची जाडीही कार्पेटमध्ये धरली जाते. मग त्या वीस टक्क्यांतले किती टक्के भिंतीत गेले? वकीलबाई म्हणाल्या, “ते तुमचे आर्किटेक्ट बघतील.” काका म्हणाले, “आर्किटेक्ट मोजून देईल हो, पण करारात कुठली व्याख्या लिहून घ्यायची हे तुम्हीच सांगायला हवं ना?” टाळ्या पडल्या, आणि त्या योग्य होत्या. बाईंनी मग नीट उत्तर दिलं: दोन्ही मापं एकाच पद्धतीने घ्या, जुन्या घराचा मोजणी-नकाशा करारालाच जोडा, आणि टक्क्यांबरोबर प्रत्यक्ष चौरस फूटही लिहून घ्या. इथवर चार मिनिटं झाली होती आणि सभा सोन्यासारखी चालली होती.

त्यानंतरची नऊ मिनिटं काकांनी त्यांची सोसायटी कशी उभी राहिली ते सांगितलं.

अशा प्रसंगानंतर चहाच्या टेबलावर जी चर्चा होते ती बहुतेक वेळा त्या माणसाच्या स्वभावाची असते. “काही लोकांना आपलाच आवाज ऐकायला आवडतो.” “निवृत्त झाले की असं होतं.” मग एखादा पुणेरी विनोद होतो आणि विषय संपतो. ही चर्चा मला आता पळवाट वाटते. तीस मिनिटं आणि सतरा हात ही वाटणीची गोष्ट आहे, स्वभावाची नाही. आणि वाटणी ज्याच्या हातात दिलेली असते त्याचीच जबाबदारी असते. काकांनी नऊ मिनिटं घेतली हे खरं. पण ती मी दिली म्हणून त्यांना मिळाली.

हिशोब अगदी साधा आहे. बरा प्रश्न पाऊण मिनिटात विचारून होतो. उत्तराला सव्वादोन ते पावणेतीन मिनिटं जातात. माईक पहिल्या रांगेतून नवव्या रांगेत नेणं, तो चालू करणं, “हॅलो, येतोय का आवाज” यात अर्धं मिनिट. म्हणजे माणशी साडेतीन ते चार मिनिटं. तीस मिनिटांत सात माणसं, फार तर आठ. सतरांपैकी नऊ-दहा जण तसेही राहणारच होते. काकांच्या त्या नऊ मिनिटांनी अडवलं ते दोघा-तिघांना. तीन माणसांनी काय एवढं बिघडलं, असं कुणी म्हणेल. मीही मनात तेच म्हटलं होतं, पण जिन्यात त्या तिघांपैकी एक भेटल्या.

नवव्या रांगेतल्या मावशी. त्यांचा हात मी चार वेळा वर जाताना आणि खाली येताना पाहिला होता. त्यांनी विचारलं, “घर यांच्या नावावर होतं, ते तीन वर्षांपूर्वी गेले. नॉमिनी मी आहे, पण शेअर सर्टिफिकेटवर अजून नाव चढलेलं नाही. एक मुलगा इथे, एक बाहेर. तर बिल्डरच्या कागदांवर सही कुणी करायची?” नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मालकी वारसांची, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण संमतीपत्रावर कुणी, नव्या घराच्या करारावर कुणी, बाहेरच्या मुलाचं काय, यातलं काहीच मला सांगता येईना. ज्यांना सांगता आलं असतं त्या वकीलबाई रिक्षात बसून निघून गेल्या होत्या. चाळीस वर्षांच्या सोसायटीत असा प्रश्न किती घरांत असेल याचा विचार करा. काकांचं बांधकामपुराण कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. मावशींचा प्रश्न निम्म्या हॉलच्या कामाचा होता आणि तो जिन्यात विरून गेला.

तेव्हा माझं म्हणणं असं: प्रश्नोत्तरांत माईक विचारणाऱ्याच्या हातात द्यायचाच नाही. तो कार्यकर्त्याच्या हातात राहील, कार्यकर्ता विचारणाऱ्याच्या शेजारी उभा राहील आणि माईक त्याच्या तोंडापुढे धरील. वार्ताहर धरतात तसा. हे ऐकून लोक हसतात, पण अनुभव घेऊन पाहा. हातात माईक असलेल्या माणसाला थांबवायचं म्हणजे त्याच्याकडून काहीतरी काढून घ्यावं लागतं, आणि चारचौघांत ज्येष्ठाच्या हातून वस्तू काढून घेणं आपल्याकडे कुणाला जमत नाही. शेजारी धरलेला माईक नुसता वीतभर मागे घेतला की काम होतं. त्यात अपमानही नाही, कारण तो सगळ्यांसाठी तसाच धरलेला असतो. शिवाय उत्तर चालू असतानाच दुसरा कार्यकर्ता दुसरा माईक घेऊन पुढच्या माणसाजवळ जाऊन उभा राहू शकतो. मघाचं ते अर्धं मिनिट वाचतं. सात माणसांत साडेतीन मिनिटं वाचली म्हणजे एक आख्खा प्रश्न फुकटात मिळाला.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की मग सरळ एकाला एकच प्रश्न असा नियम का नाही करत? किंवा तीन-तीन प्रश्न एकदम घेऊन वक्त्याला एकत्र उत्तर द्यायला का नाही सांगत? दुसरी पद्धत तर आता सर्रास दिसते. वेळ वाचतो, चारदोन जास्त लोकांना बोलायला मिळतं, आयोजक खूश. मला ती मान्य नाही. तीन प्रश्न एकदम घेतले की वक्ता त्यातला सोपा निवडतो, त्यावर दोन मिनिटं बोलतो, उरलेल्या दोघांना “तुमचेही मुद्दे महत्त्वाचे आहेत” म्हणून सोडून देतो, आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. काकांचा कार्पेटचा प्रश्न अशा गाठोड्यात बांधला असता तर “आर्किटेक्ट बघतील” एवढंच उत्तर मिळून तो संपला असता. खरं उत्तर आलं ते त्यांच्या दुसऱ्या वाक्याला. पहिल्या उत्तरावर जो गप्प बसत नाही त्याच्यामुळेच सभेला काहीतरी हाती लागतं, आणि नेमका तोच माणूस पुढे सभा खाऊन टाकण्याचीही शक्यता जास्त.

ही अडचण आपल्या संसदेने फार पूर्वी ओळखलेली आहे. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी यादीत असतात. यादीतला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचा नंबर आधी असं होत नाही. ज्याचा प्रश्न असेल त्याला मंत्र्यांच्या उत्तरावर दोन पूरक प्रश्न विचारता येतात. त्यानंतर अध्यक्ष दुसऱ्यांकडे वळतात. प्रत्यक्षात गोंधळात तास वाहून जातो हे आपण टीव्हीवर बघतोच, पण नियमामागचा विचार पक्का आहे: पाठपुरावा करण्याचा हक्क आहे, आणि त्याला मोजमापही आहे. तासाभराच्या संसदेत दोन, तर आमच्या अर्ध्या तासाच्या हॉलमध्ये एक. म्हणजे एक प्रश्न, एक उपप्रश्न, आणि त्यानंतर सगळ्यांचा एकेक होईपर्यंत तुमचा हात मोजला जाणार नाही. हे सुरुवातीला, पहिला हात वर व्हायच्या आधी सांगायचं. कुणीतरी दहा मिनिटं घेतल्यावर सांगितलं तर तो नियम राहत नाही, त्या माणसाला लगावलेला टोला होतो.

नियम सांगितला तरी थांबवायची वेळ येतेच. तेव्हा कधी थांबवायचं हे कळणं हीच खरी कसोटी. मी जर काकांना दुसऱ्या मिनिटाला थांबवलं असतं तर सभेचं नुकसान केलं असतं, आणि पाचव्या मिनिटाला नाही थांबवलं म्हणून केलं. फरक ओळखायला घड्याळ पुरत नाही. नंतर कार्यक्रमाचं मोबाइलवर घेतलेलं चित्रण पाहिलं तेव्हा दोन खुणा स्वच्छ दिसल्या. कार्पेटबद्दल विचारताना काका व्यासपीठाकडे तोंड करून होते. सोसायटीची गोष्ट सुरू झाली तसे ते वळले, आणि पाठ वक्त्याकडे, तोंड हॉलकडे अशी अवस्था झाली. आणि क्रियापदं बदलली. “लिहून घ्यायचं का”, “मिळेल का” हे संपलं आणि “आम्ही तेव्हा गेलो होतो”, “त्यांनी नकार दिला होता” सुरू झालं. अंग वळलं आणि भूतकाळ लागला की प्रश्न संपलेला असतो. त्यानंतर थांबवण्यात पाप नाही.

थांबवायचं कुठे, हीसुद्धा एक गंमतच आहे. सभ्य माणूस समोरच्याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपत आलेलं कानाला आधीच कळतं, आणि आपण तिथे शिरायला तयार होतो. पण मुरलेला बोलणारा तिथे थांबतच नाही. तो श्वास वाक्याच्या मध्यात घेतो आणि शेवट घाईने ओलांडून पुढच्या वाक्याला जोडतो. “…तर आम्ही तिथे गेलो आणि गेल्यावर असं लक्षात आलं की…” या “की”पाशी तो निवांत दम खातो, कारण “की”नंतर कुणी तोडत नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांनी इतर भाषांतही हीच युक्ती टिपलेली आहे. तेव्हा वाक्य संपायची वाट बघू नका. “की”वर शिरा. आणि “काका, आवरा” म्हणून नव्हे, तर त्यांच्याच प्रश्नाचं वाक्य पुरं करून: “काका, म्हणजे तुमचा प्रश्न असा, की जुनं आणि नवं माप एकाच पद्धतीने घ्यायचं बंधन करारात कसं घालायचं? मॅडम, सांगा.” माणसाला आपलं म्हणणं पोचलं असं वाटतं, वक्त्याला उत्तर द्यायला काहीतरी मिळतं, आणि माईक पुढे सरकतो. यासाठी एक करावं लागतं. त्यांचं बोलणं खरोखर ऐकावं लागतं. मी त्या दिवशी आभाराच्या यादीतली नावं बघत होतो.

चिठ्ठ्यांचा पर्याय पुष्कळ जण सुचवतात. लिहिताना माणूस आपसूक आखडतं घेतो, हे खरं आहे. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर मला प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. पोस्टकार्डाच्या जागेत प्रश्नच मावतो. पण चिठ्ठ्यांत एक खोट आहे. कुठली वाचायची आणि कुठली खिशात टाकायची हे एकटा सूत्रसंचालक ठरवतो आणि कुणाला कळत नाही. पाहुण्यांना अडचणीचा प्रश्न असा बेमालूम गायब झालेला मी पाहिला आहे. शिवाय चिठ्ठीला उपप्रश्न नसतो. म्हणून निम्मा वेळ चिठ्ठ्यांना, निम्मा हातांना, आणि न वाचलेल्या चिठ्ठ्या किती व कशाबद्दल आहेत हे शेवटी मोठ्याने सांगायचं, एवढी अट मी घालीन.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ज्यांना बोलायचं आहे तेच हात वर करतात, बाकीचे गप्प बसतात, त्यात आयोजकांनी काय करायचं? यात थोडं तरी करता येतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी संशोधकांनी दहा देशांतल्या जवळपास अडीचशे शैक्षणिक व्याख्यानांमधली प्रश्नोत्तरं नोंदवली होती. हजेरीच्या प्रमाणात पाहिलं तर बायकांनी पुरुषांपेक्षा पुष्कळच कमी प्रश्न विचारले होते. पण जिथे पहिला प्रश्न बाईने विचारला होता तिथे ही दरी कमी होती. यावरून पहिला प्रश्नच सगळं घडवतो असं सिद्ध होत नाही, कदाचित ती सभाच मोकळी असेल. मात्र करून बघायला खर्च काहीच नाही. पहिला हात नेहमी त्याचा असतो ज्याने प्रश्न घरून आणलेला आहे. “प्रश्न?” असं विचारून दहा आकडे मनात मोजा. सातव्या-आठव्या आकड्याला मागचे हात वर येतात. मग सुरुवात तिथून करा. पहिल्या रांगेतल्या निळ्या फाइलीला वाट पाहता येते.

या शहरात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. दीडशे वर्षं आपण व्याख्यानं ऐकतो आहोत, वक्त्याची वेळ पाळली नाही तर घड्याळ दाखवतो आहोत. पण प्रश्नांची वेळ ही आपण अजून उरलीसुरली वेळ समजतो. त्या संध्याकाळी भाषण पंधरा मिनिटं लांबलं तेव्हा मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, हेही इथे लिहायला हवं. त्या पंधरा मिनिटांत चौघांचे प्रश्न बसले असते. काकांनी खाल्ले त्यापेक्षा जास्त. मुख्य पाहुण्यांना थांबवायची हिंमत नाही म्हणून श्रोत्यांतल्या एकाला दोष देणं मला तरी आता अवघड जातं.

सहा महिन्यांनी त्याच विषयावर दुसरा कार्यक्रम झाला, वक्ता वेगळा, हॉल तोच. या वेळी मी भाषणाची शेवटची दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी पाहुण्यांपुढे ठेवली. नियम आधी सांगितला, माईक दोन्ही कार्यकर्त्यांच्या हातातच ठेवले. काका आले होते, फाइल घेऊन. सुरू व्हायच्या आधी मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, “काका, तुमचा प्रश्न तिसरा घेतो, पण एकच उपप्रश्न हं.” ते म्हणाले, “मग मला नीट निवडायला हवा.” त्यांनी फाइल उघडली आणि भाषणभर कागद मागेपुढे करत बसले. पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या एका मुलीचा झाला. अर्ध्या तासात नऊ जणांचे प्रश्न झाले. काकांचा उपप्रश्न पुन्हा नेमका होता, बँक गॅरंटी कोणत्या टप्प्यावर किती सोडायची याबद्दल, आणि वक्त्याला तीन मिनिटं विचार करत उत्तर द्यावं लागलं. शेवटी त्यांचा हात पुन्हा वर होता. मी पाहिला आणि पुढे गेलो. ते रागावले, दाराशी माझ्याशी बोलले नाहीत.

मावशी या वेळी आल्याच नव्हत्या. न वाचलेल्या अकरा चिठ्ठ्या मी मोठ्याने सांगून वक्त्यांकडे दिल्या. आतापर्यंत चारांची उत्तरं आली आहेत. उरलेल्या सातांत एक नॉमिनीबद्दलचीच आहे, दुसऱ्या कुणाच्या तरी हातची. तिच्यासाठी मी दर सोमवारी फोन करतो.